मध्यमाचा घोळ

तबला येतो एवढ्या एका गुन्ह्यासाठी मला टिंपनी नावाच्या मोठ्या पाश्चात्त्य ड्रमांवर उभं केलं गेलं. अमेरिकेतल्या आमच्या छोट्या गावात हौशी लोकांचा एक ऑर्केस्ट्रा आहे. त्यांचा टिंपनीवाला नोकरीनिमित्त गाव सोडून गेला आणि कंडक्टरबाईंना कुणीतरी सांगितलं, की तो मराठी माणूस 'दोन ड्रम' वाजवतो. मीही मनात म्हटलं, मोठा डग्गा डावीकडे, लहान उजवीकडे, यात नवीन ते काय?

नवीन होतं ते पायाखाली. तबला आपण मैफिलीआधी हातोडीने लावतो, गायक चहा पिईपर्यंत गजरा ठोकत बसतो आणि एकदा लागला की तासभर निर्धास्त. टिंपनीच्या तळाशी मात्र पेडल असतं. चवडा दाबला की कातडं ताणलं जाऊन सूर चढतो, टाच दाबली की उतरतो. ही सोय 1881 च्या सुमारास ड्रेस्डेनमध्ये निघाली. बेथोवेनच्या काळी कडेचे स्क्रू एकेक करून फिरवावे लागत, म्हणून त्याच्या पाचव्या सिंफनीत टिंपनीला पहिल्यापासून शेवटपर्यंत सी आणि जी हे दोनच सूर आहेत. सा आणि खालचा प. काय सुखाचे दिवस! पेडल आलं आणि संगीतकारांची भीड चेपली. आता बाकीचे सत्तर जण वाजवत असतानाच आपण सूर बदलायचा, तोही कुणाला ऐकू जाऊ न देता.

आमच्या कार्यक्रमात अशीच एक जागा होती. 26 इंची ड्रम सीवर लावलेला. मग बावीस मात्रा विश्रांती आणि त्यानंतर पूर्ण ताकदीने एफ. म्हणजे पांढरी एकचा सा सोडून त्याचा शुद्ध मध्यम गाठायचा. रीत मला शिकवलेली होती. आधी मनात सूर गुणगुणायचा, टाच दाबून ड्रम पार खाली न्यायचा, मग खालून वर चढत यायचं. वरून खाली उतरलं तर कातडं कडेवर अडकून बसतं आणि पहिल्या घावाला दगा देतं. तपासायला कान कातड्याशी नेऊन बोटाने हलकेच टिचकी मारायची. हे दिसायला नळ गळतोय का बघणाऱ्या प्लंबरसारखं दिसतं, पण इलाज नाही.

मी टाच दाबली. ड्रम तळाला गेला. कान लावला, टिचकी मारली आणि काय सांगू, स्पष्ट एफ! खात्रीसाठी कातड्यावर तोंड नेऊन एफ गुणगुणलो, तर ड्रमही माझ्यासोबत गुणगुणला. त्यानंतर पेडलला हातही (म्हणजे पायही) न लावता सूर लागला. वाटलं, घराण्याची पुण्याई.

पुण्याई वगैरे काही नव्हती. चांगला लागलेला टिंपनी एक सूर देत नाही. मूळ सुरासोबत त्याचा पंचम आणि वरचा षड्जही देतो, तंबोऱ्यासारखा. त्यात कडेजवळ बोटाने टिचकी मारली की मूळ सूर दबतो आणि वरचेच पुढे येतात. माझा ड्रम तळाला बी फ्लॅटवर होता, आणि बी फ्लॅटचा पंचम म्हणजे एफ. मी गुणगुणलो तेव्हा साथ दिली ती त्या पंचमाने. मला संशय यायला हवा होता, कारण या ड्रमचा एफ वरच्या टोकाला असतो, तिथे कातडं ताठ लागतं. माझं तर पावसाळ्यातल्या पापडासारखं सैल होतं. सूर दाखवणारा काटाही बाजूला होताच. पण काटा बघणं म्हणजे पेपरात कॉपी करणं, असा माझा बाणा.

बावीस मात्रा संपल्या. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सगळे एफ मेजरवर कोसळले आणि त्यांच्या पायाशी मी कडेपासून चार बोटांवर, नियमाप्रमाणे, दणकून बी फ्लॅट ठेवून दिला. एखादी व्हायोलिन चुकली तर बाकीच्या पोटात घालतात. टिंपनीचा घाव मात्र स्वरसंगतीच्या पायात असतो. पायच बेसूर, मग वरचा मजला कितीही सुरेल असो. डबल बासवाले आपलंच चुकलं असं समजून बोटं सरकवू लागले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

रात्री रेकॉर्डिंग घरी पाठवलं. आई म्हणाली, "अरे, तू सारखा वाकून त्या पातेल्याचा वास का घेत होतास?"

बाबा पेटी वाजवतात. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाकी झकास. पण एक सांग, सगळे पांढरी चारमध्ये असताना तू एकटाच काळी पाचला काय करत होतास?"