प्रेक्षकाला सगळं कळतं, मग मालिका तशाच का?

मराठी मालिकांवर टीका केली की एक उत्तर हमखास येतं: "प्रेक्षक काही मूर्ख नाहीत, त्यांना सगळं कळतं." हे अगदी खरं आहे. पण एवढ्यावर वाद मिटतो, हे मला मान्य नाही.

या वादाचं मूळ १९४४ सालात आहे. हिटलरमुळे जर्मनी सोडावी लागलेले विचारवंत थिओडोर अडोर्नो आणि मॅक्स होर्कहायमर तेव्हा हॉलिवूडच्या शेजारी, लॉस एंजेलिसमध्ये राहत होते. त्यांनी 'संस्कृती उद्योग' ही कल्पना मांडली. सिनेमा, रेडिओ, मासिकं हा सगळा कारखान्यातला माल आहे, फरक वरवरचा आहे आणि प्रेक्षकानं कुठे हसायचं, कुठे रडायचं हेही मालातच भरून येतं, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या अभ्यासकांनी त्यावर रास्त आक्षेप घेतला की यात प्रेक्षक नुसता मातीचा गोळा ठरतो.

पण खुद्द अडोर्नोनं काय कबूल केलं, हे फार कमी जण सांगतात. १९६६ मध्ये नेदरलँड्सची राजकन्या बिआट्रिक्स आणि एक जर्मन मुत्सद्दी यांचं लग्न झालं. माध्यमांनी ते डोक्यावर घेतलं. जर्मन प्रेक्षकांवर त्याचा काय परिणाम झाला, हे फ्रँकफर्टच्या त्याच्या समाजसंशोधन संस्थेनं तपासलं. लोक भारावून जातील अशी अपेक्षा होती. लोकांनी सोहळा आवडीनं पाहिलाही. पण याला राजकीय महत्त्व किती, असं थेट विचारल्यावर अनेकांनी शांतपणे, वास्तवाला धरून उत्तरं दिली. १९६९ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, फावल्या वेळावरच्या निबंधात त्यानं लिहिलं की लोक हा माल घेतात, पण हातचं राखून; त्यावर त्यांचा पुरता विश्वास बसत नाही.

हे हातचं राखणं मी लालबागला आमच्या चाळीत रोज पाहते. शेजारच्या काकू भाजी चिरता चिरता मालिका लावतात. नायिका दुधाचा ग्लास घेऊन जिन्याकडे वळली की काकू स्वयंपाकघरातूनच म्हणतात, "गेलं दूध! आता ती दाराआडून ऐकणार." नेमकं तेच होतं. तिघांचे चेहरे आळीपाळीनं दिसतात, ढॅण्ण करून संगीत वाजतं. काकू सासूच्या भरजरी साडीवर शेरा मारतात, सुनेच्या गप्प बसण्यावर चिडतात, आपल्या नणंदेची आठवण काढतात. ही बाई फसलेली नाही. ती पाहते आणि पाहता पाहता हिशेबही मांडते.

आता उद्योगाच्या बाजूनं बघा. काकूंचं लक्ष अर्धं कणकेत आहे, हे लिहिणाऱ्यांना ठाऊक असतं. म्हणून पात्रं एकमेकांना माहीत असलेली गोष्ट मोठ्यानं सांगतात: "म्हणजे परवा वहिनींनी जाळलेलं पत्र बाबांचं होतं?" पडद्याकडे न बघताही कथा कळली पाहिजे. प्रेक्षकाचं अर्धवट लक्ष, त्याचं आधीच ओळखणं, हे सगळं धरूनच माल बनतो.

टीआरपी मोजण्यासाठी निवडक घरांत मीटर बसवलेले असतात. कोणतं चॅनल किती मिनिटं चालू होतं याची नोंद होते आणि घरातल्या प्रत्येकानं आपापलं बटण दाबलं की समोर कोण होतं तेही कळतं. पण रडत पाहिलेलं मिनिट आणि नावं ठेवत पाहिलेलं मिनिट आकड्यात एकच. काकूंच्या घरी मीटर असता तर त्यांच्या सगळ्या टीकेची नोंद 'आवडीनं पाहिली' अशीच वाचली गेली असती. दर आठवड्याला आकडे येतात, त्यावरून कथेचा ट्रॅक ताणला जातो किंवा गुंडाळला जातो. म्हणजे प्रेक्षकाच्या हाती एकच हत्यार उरतं: चॅनल बदलणं. एका खोलीत पाच माणसं आणि एक रिमोट असेल, तर तेही प्रत्येकाच्या हाती नसतं.

म्हणून मला वाटतं, प्रेक्षकाच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी त्याला फार थोडक्यात समाधानी केलं आहे. त्याला स्वतःचा अर्थ लावता येतो, एवढ्यावरच ते खूश. १९४४ मध्येच इथे, मुंबईत, अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. गिरणगावातले कामगार त्या पथकाचे प्रेक्षक होते आणि त्यांचंच जगणं वगनाट्यात येत होतं. समोर बसलेल्या गर्दीला गोष्ट पटली नाही तर ते गाणाऱ्याला त्याच रात्री कळत असे. त्या कलेलाही कम्युनिस्ट पक्षाची चौकट होती, हे नाकारत नाही. पण पाहणारा आणि करणारा यांच्यात मीटर नव्हता.

अडोर्नो माणसांच्या मनाबद्दल जास्तच निराश होता आणि त्यानं ते स्वतःच दुरुस्त केलं. कारखान्याबद्दल मात्र तो आजही बरोबर आहे. काकूंना पुढचा प्रसंग लेखकाच्या आधी कळतो. तरी तो काय असावा, हे त्यांना आजवर कुणीही विचारलेलं नाही.