प्रवासखर्चाची ओळ आणि २४० फेऱ्या

"निधीच्या अर्जात बजेटच्या समर्थनात वेगळं काय लिहायचं? तक्त्यातले आकडेच वाक्यात मांडायचे. फंडर कापतोच, म्हणून थोडे फुगवून ठेवायचे. आणि अकाउंटंटचा पगार फिल्डच्या पगारांत मिसळून टाकायचा."

नाशिकच्या छोट्या संस्थांमध्ये हा सल्ला हातोहात फिरतो. तो ऐकून चांगल्या कामांचे अर्ज परत आलेले मी पाहिलेत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी आकडे. "स्थानिक प्रवास ६०,०००" हे तक्त्यात दिसतंच. वाचणाऱ्याला त्यामागचं कारण हवं असतं. समजा, पेठ-सुरगाण्यातल्या १२ पाड्यांवर पाच वर्षांखालच्या मुलांच्या वाढीवर लक्ष ठेवायचंय. प्रत्येक पाड्यावर महिन्याला दोन फेऱ्या, दहा महिने, म्हणजे २४० फेऱ्या. जाऊन-येऊन सरासरी ५० किलोमीटर, दुचाकीला किलोमीटरमागे ५ रुपये, म्हणजे फेरीला २५० रुपये.

इथवर बरेच जण येतात आणि थांबतात. पण फेऱ्या दोनच का? पहिलीत अंगणवाडी सेविकेसोबत वजनं घ्यायची, दुसरीत वजन न वाढलेल्या मुलांच्या घरी जायचं. दहाच महिने का? जुलै-ऑगस्टच्या पावसात काही पाड्यांची वाट बंद होते, तेव्हा कार्यकर्ती तिथेच मुक्काम करते आणि तो खर्च वेगळ्या ओळीत असतो.

परिणाम लिहिताना मात्र हात आखडता घ्या. या ६०,००० रुपयांनी कुपोषण हटणार नाही. सलग दोन महिने वजन न वाढलेलं मूल वेळेत लक्षात येईल आणि गरज असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवलं जाईल, एवढंच या ओळीला पेलतं. ते वजनाच्या नोंदवहीत तपासताही येतं.

आता फुगवणं. प्रवास १,२०,००० दाखवलात तर ४८० फेऱ्या निघतात आणि कामाच्या वेळापत्रकात असतात २४०. तपासणारा भागाकार करतोच, मग बाकीच्या ओळींवरचाही त्याचा विश्वास उडतो. कपातीची भीती असेल तर उलट तिची किंमत लिहा: १५,००० कमी केले तर ६० फेऱ्या जातात, म्हणजे तीन पाडे पूर्ण सुटतात. मग कोणते पाडे सोडायचे, हे त्यांनाही विचारता येतं.

अकाउंटंटचा पगार लपवण्यामागे एफसीआरए या परदेशी निधीच्या कायद्याची धास्ती आहे. २०२० च्या दुरुस्तीने परदेशी निधीतल्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. पण संस्थेच्या उद्दिष्टासाठी थेट होणारा खर्च, जसा रुग्णालयातल्या डॉक्टरचा पगार, नियमांनुसार त्या मर्यादेत धरला जात नाही. म्हणून आधी खरे फिल्डचे पगार वेगळे काढा. अकाउंटंटसाठी बहुधा जागा उरते. मिसळलेला पगार ऑडिटमध्ये उघडा पडतो, कारण पगारपत्रकात पद लेखापालाचं असतं. त्यापेक्षा सरळ लिहा: महिन्याचे दोन दिवस, २४ फेऱ्यांची व्हाउचरं तपासणं आणि तिमाही खर्चाचा अहवाल.