खुलासा: नावावर रेघा म्हणजे फोन हॅक नव्हे

"ज्यांच्या नावात असली मोडकी अक्षरं दिसतील त्यांचा फोन हॅक झालाय, लगेच ब्लॉक करा", असं बेळगाव-खानापूरच्या ग्रुपांवर फिरतंय.

हे खरं नाही. आमच्या गल्लीतल्या पोराचं V̶i̶j̶a̶y̶ हे नाव बघा, प्रत्येक अक्षरामागं U+0336 ही आडवी रेघ मुद्दाम जोडलीय, युनिकोड या अक्षरा-चिन्हांच्या कोडच्या यादीत ती वेगळं चिन्ह म्हणून आहेच, फॅन्सी टेक्स्टवाली साइट तेवढंच करते. नाव कॉपी करून कोड दाखवणाऱ्या पानावर टाकलं तर V, रेघ, i, रेघ असा क्रम दिसतो, बिघाड एवढा शिस्तीत येत नसतो. अक्षरं खरंच बिघडली की बऱ्याचदा � येतं आणि मूळ नाव वाचताच येत नाही. अडचण एवढीच की साधं Vijay सर्च करून तो सापडेलच असं नाही.

त्याला ब्लॉक केलेल्यांना मंडळाचे निरोप पोचेनात, तेव्हा अनब्लॉक करा आणि तो मेसेज कृपया पुढं पाठवू नका.