फोटूचा फोटू

काल दुपारी साडेतीनला मी शाळेच्या फाटकाबाहेर होतो, माझा मुलगा फाटकाच्या आत होता आणि मध्ये मावशी होत्या.

आमच्या सोसायटीतली चार घरं, चार मुलं, आठ नोकऱ्या. स्कूलबस आमच्या बाजूला येत नाही, म्हणून मुलांना आणायच्या पाळ्या लावल्या. चार वार चौघांचे, शुक्रवार आळीपाळीने. आता आम्ही एकमेकांना वारानेच ओळखतो. मी गुरुवार. कुणाला अडचण आली तर पुढच्या वाराने जायचं, त्यालाही नाही जमलं तर त्याच्या पुढच्याने. कागदावर फार सुरेख दिसतं. कागदाला ताप येत नाही ना!

चारही मुलं रोज एकाच गाडीत, काचा लावून, एकाच बाटलीतलं पाणी पीत येतात. मंगळवारची मुलगी शिंकली की बुधवारचा मुलगा शिंकणारच. तापलेलं मूल घरी एकटं ठेवता येत नाही, बाकीच्यांबरोबर गाडीत बसवताही येत नाही. म्हणजे मूल झोपलं की गाडीही झोपली. ज्या दुखण्यासाठी राखीव माणूस ठेवायचा, ते त्याच्याच घरी आधी पोचतं.

काल तसंच झालं. सकाळी मंगळवाररावांचा मेसेज, मुलीला ताप. बुधवारताईंनी अंगठा टाकला. अकराला शाळेनेच ताईंना फोन करून त्यांचा तापलेला मुलगा घरी न्यायला लावला. तसं त्यांनी ग्रुपवर कळवलं, त्यावर मी अंगठा टाकला. माझ्या अंगठ्याचा अर्थ ‘अरेरे’ असा होता. बाकीच्यांनी तो ‘मी जातो’ असा वाचला. पूर्वी माणसं अंगठा देऊन जमीन घालवत, मी दुपार घालवली. पावणेतीनला सोमवारताईंनी “निघालात ना?” विचारलं, तेव्हा मी हिंजवडीच्या तिसऱ्या फेजमध्ये मीटिंगला बसलो होतो.

बाणेरला पोचलो आणि आठवलं, कार्डं! मूल न्यायचं तर त्याचं कार्ड दाखवावं लागतं. चारही कार्डांचा जुडगा ज्याची पाळी त्याच्या गाडीत असतो. म्हणजे तो मंगळवाररावांच्या आरशाला लटकत होता.

“कार्ड?” मावशी म्हणाल्या.

“मावशी, मी याचा बाप आहे.”

“आसाल की. मी कुटं नाय म्हन्ते? कार्ड दावा.”

“दर गुरुवारी येतो मी. परवाच तुम्ही मला पाऊस कधी थांबणार विचारलंत.”

“आज मंगळवार हाय.”

मी मंगळवाररावांकडून कार्डाचा फोटो मागवून मोबाइल पुढे धरला. मावशींनी चष्मा वर करून तो नीट पाहिला. आता सुटलो, असं वाटलं.

“फोटूचा फोटू चालत नाय.”

“अहो, पण त्यात मीच आहे!”

“कार्डावर मिशी हाय.”

मिशी मी दिवाळीनंतर काढली. बायकोने हट्ट केला होता, पण हे मावशींना कुठे सांगत बसू? शेवटी म्हटलं, त्यालाच विचारा. मुलगा दुसरीत आहे. त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, “हे माझे बाबा आहेत, पण आज यांचा वार नाही.”

“बगा,” मावशी मागच्या रांगेला म्हणाल्या, “पोरगं खोटं बोलत नाय.” रांगेतले एक आजोबा खो खो हसले. त्यांच्या गळ्यात कार्ड होतं.

मावशी बरोबर होत्या, हे मला तिथेही कळत होतं. उद्या कुणी बिनमिशीचा येऊन माझा मुलगा मागू लागला, तर तिथे मावशीच हव्यात. म्हणूनच जास्त राग आला. चूक त्यांची असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

मग ऑफिसात जाऊन आधार कार्ड दाखवलं, रजिस्टरात सही केली. सोमवारताईंच्या मुलीचं आणखी अवघड. तिच्या फॉर्मवर आई, बाबा, आजी एवढ्याच ओळी. शेजाऱ्याला रकाना नाही. ताईंनी शाळेत नोंदवलेल्या नंबरावरून फोन केला, तेव्हा ती सुटली. सव्वाचार झाले होते.

तेवढ्यात साहेबांचा फोन. “मिसेस नाही का जाऊ शकत?” मिसेसची त्याच वेळी चिंचवडला मीटिंग होती. तिला तिचे साहेब ‘मिस्टर नाही का जाऊ शकत’ असं कधी विचारत नाहीत. ते फक्त वर्षाअखेरीच्या गुणपत्रिकेत ‘उपलब्धता कमी’ असं लिहितात. मी दर गुरुवारी निघतो तर लोक ‘काय हो, किती करता मुलाचं’ म्हणतात. यात हसण्यासारखं काही सापडत नाही, सोडून देतो.

रात्री दहाला मंगळवाररावांचा मेसेज आला : “मुलगी अजून तापलेलीच. उद्याच्या पाळीचं काय? आणि कार्डं खाली येऊन कोण नेणार?”

दोन अंगठे आले. मीही एक टाकला.