पंचेचाळीस सेकंदांची खिचडी

आमच्या घराण्यात लेखक एकच, तो म्हणजे मी. याला पुरावा एका एकांकिकेचा. ती मी कॉलेजात असताना लिहिली आणि प्राथमिक फेरीतच ती वारली. त्यानंतर मी बँकेत लागलो. पण घराण्याने माझ्यावरचा विश्वास सोडला नाही. लग्नपत्रिकांचा मजकूर, निवृत्तीची मानपत्रं आणि सोसायटीतल्या ‘पाणी जपून वापरा’च्या सूचना आजही माझ्याच लेखणीतून उतरतात. त्यामुळे वहिनींनी स्वयंपाकाचं यूट्यूब चॅनल काढलं तेव्हा फोन मलाच येणार होता.

“भावजी, एक छोटंसं लिहून द्या. ट्रेलर. ओंकार म्हणतो पंचेचाळीस सेकंदांचा हवा.”

पंचेचाळीस सेकंद म्हणजे काय, चहा होईपर्यंत लिहून होईल, असं मी म्हणालो. पुढचे तीन रविवार त्यात गेले.

वहिनींचं घर सदाशिव पेठेत. वरच्या मजल्यावर कॉट बेसिसवर मुली राहतात, समोरच्या वाड्यात मुलं, कोपऱ्यावर अभ्यासिका. सगळी पोरं राज्यसेवा नाहीतर सीएच्या मागे लागलेली आणि दुपारी चारला वडापाव हेच जेवण समजणारी. त्यांच्यासाठी हे चॅनल. आणि त्याचा ट्रेलर दिसणार कोणाला, तर ज्यांनी अजून सबस्क्राइब केलेलं नाही त्यांना. ही माहिती माझ्या पुतण्याने, म्हणजे ओंकारने, मला दोनदा सांगितली. “काका, तो वाटसरू आहे. दारावरून चाललाय. त्याला आत बोलवायचंय.”

मी वाटसरूला बोलावलं ते असं : ‘नमस्कार मंडळी! अन्न हे पूर्णब्रह्म, असं आपल्या संस्कृतीत म्हटलं आहे...’ पुढे आजीच्या हातची चव, चुलीचा धूर, घरापासून दूर असलेलं लेकरू आणि शेवटी डोळ्यांत पाणी. एकूण तीनशे दहा शब्द. ओंकारने मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं आणि म्हणाला, “वाचा.” मी भावपूर्ण वाचलं. दोन मिनिटं पस्तीस सेकंद लागले. वाटसरू तोवर वडापाव खाऊन अभ्यासिकेत परत गेला असता.

मग हिशेब झाला. मी शेवटी बँकेतला माणूस, हिशेब मला कळतो. ऐकणाऱ्याला समजेल असं मराठी शांतपणे बोललं, की सेकंदाला साधारण दोन शब्द बसतात. पंचेचाळीस सेकंदांत नव्वद. त्यातून फोडणीचा आवाज, श्वास आणि शेवटचं ताट यांना जागा द्यायची, म्हणजे हातात उरले साठ-सत्तर. लग्नपत्रिकेत एवढे शब्द ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून कै. आजोबांपर्यंतच संपतात.

शब्द कापायला मी मन घट्ट केलं. पूर्णब्रह्म गेलं, आजी गेली, चूल गेली. ‘नमस्कार मंडळी’ला मात्र वहिनी चिकटून बसल्या. नमस्कार न करता बोलायला सुरुवात करणं हे त्यांना चपला घालून देवघरात शिरण्यासारखं वाटतं. ओंकारचं म्हणणं, पहिल्या पाच सेकंदांत माणूस थांबला नाही तर तो गेला. त्यात नमस्कार, स्वतःचं नाव आणि चॅनलचं नाव एवढं केलं की पाच सेकंद संपले, आणि त्याच्या पोटाबद्दल अजून अवाक्षर नाही. (चॅनलच्या नावावरून झालेलं भांडण वेगळं. त्यात दोन व्याही ओढले गेले होते.)

सुरुवात शेवटी सापडली ती रस्त्यावर. मी रविवारी संध्याकाळी वहिनींकडे निघालो होतो आणि एका मेसच्या दारावर पाटी दिसली : ‘रविवारी संध्याकाळी मेस बंद राहील.’ पाटीखाली दोन मुलं उभी. ती पाटी त्यांना पाठ असणार, तरी वाचत होती. मी तिथल्या तिथे फोटो काढला. ट्रेलर आवाज बंद ठेवून बघितला तरी पाटी वाचता येते. आणि पुण्यात राहून शिकलेल्या कुठल्याही माणसाच्या पोटात ती पाटी वाचून जे होतं, ते माझ्या पूर्णब्रह्माने झालं नसतं. व्हिडिओ शनिवारी टाकायचे हेही त्या पाटीनेच ठरवलं.

आता प्रश्न वचनाचा. वहिनींचं वाक्य तयार होतं, “दहा मिनिटांत मऊ खिचडी!” मला ते आवडलंही. पण बँकेत तीस वर्षं काढलेल्या माणसाला सही करण्याआधी आकडा तपासायची खोड असते. मी म्हटलं, घड्याळ लावून करून बघू.

पहिल्याच पायरीला आपटलो. इंडक्शनवर वहिनींचा जुना कुकर ठेवला, तर शेगडी टुक टुक करत लुकलुकायला लागली. तापेना. कुकर साध्या अ‍ॅल्युमिनियमचा, आणि इंडक्शनला लोहचुंबक चिकटेल असं बूड लागतं. फ्रिजवरचा गणपती काढून मी घरातल्या सगळ्या भांड्यांना लावून पाहिला. ज्यांच्या बुडाला गणपती राहिला ती भांडी पास. पोरांकडे गावाहून आईने दिलेला असाच कुकर असणार. त्यामुळे बुडाला गणपती चिकटल्याचं एक सेकंदाचं दृश्य आम्ही ट्रेलरमध्ये घातलं. वहिनी म्हणाल्या, शुभारंभही झाला.

मग ओंकारचा इंडक्शनचा कुकर आणला. अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मुगाची डाळ, तीन वाट्या पाणी. वहिनींनी कांदा-टोमॅटो चिरून, डाळ-तांदूळ धुऊन, फोडणी देऊन झाकण लावलं तेव्हा साडेतीन मिनिटं झाली होती. तीन शिट्ट्या व्हायला दहा मिनिटं. आणि वाफ आपोआप जिरायला आणखी दहा. वाफ जिरल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, याची साक्ष आमच्या जुन्या स्वयंपाकघराचं छत देतं. म्हणजे साडेतेवीस मिनिटं. दहा कुठे?

“पण माझा हात तर साडेतीन मिनिटंच लागला!” वहिनी म्हणाल्या.

हे खरं होतं, आणि तरीही खोटं होतं, कारण ट्रेलर बघणाऱ्याला वहिनींचे हात नसतात. म्हणून दुसरा कुकर ओंकारला लावायला दिला. एकट्या कांद्याला त्याने चार मिनिटं घेतली. त्यातलं एक डोळे धुण्यात गेलं. मोहरी तडतडायच्या आत त्याने कांदा टाकला, तेव्हा वहिनींनी आवंढा गिळला. पण सातव्या मिनिटाला झाकण लागलं. सात तुझी, वीस कुकरची. मी ते कागदावर लिहिलं आणि आम्ही तिघं त्याकडे बघत राहिलो. दहा मिनिटांची थाप मारून जे साधलं नसतं, ते सत्तावीसच्या खऱ्या आकड्याने साधलं होतं. वीस मिनिटं कुकरसमोर उभं राहायचं नसतं, हीच तर त्या पोरांना हवी असलेली बातमी.

प्रमाण ट्रेलरमध्ये सांगावं असा वहिनींचा आग्रह होता. तो मी मोडून काढला. वाट्या मोजायला अख्खा व्हिडिओ आहे, दारावर फक्त वास सोडायचा.

वासाचं चित्रीकरण हा मात्र छळ आहे. मोबाइलवर दिसते ती वाफ, आणि ती पांढऱ्या भिंतीपुढे दिसत नाही. मागे काहीतरी गडद लागतं आणि उजेड मागून, जरा बाजूने यावा लागतो. म्हणून ताट खिडकीपाशी आणि मागे दोरीवर दादाची काळी घोंगडी. ताटातली वाफ दोन-तीन मिनिटांत ओसरते, आणि तोवर खिचडी आळून घट्ट होते. मग उकळतं पाणी घालून सैल करा, नवं ताट वाढा. तीन ताटं झाली. फोडणीचा आवाज तर इंडक्शनच्या पंख्याच्या घरघरीत ऐकूच येईना. तो शेवटी गॅसवर कढल्यात वेगळी फोडणी करून, मोबाइल वीतभर बाजूला धरून घेतला. वर धरला होता तेव्हा काचेवर तेल उडालं. वहिनींचं बोलणं आम्ही कपाटासमोर साड्यांकडे तोंड करून रेकॉर्ड केलं, कारण साड्या आवाज घुमू देत नाहीत. भंगारवाल्याला मात्र साड्याही अडवू शकल्या नाहीत.

शेवटचं वाक्य सर्वांत छळलं. मी लिहिलं होतं, ‘जेवलास का?’ वरच्या मजल्यावरच्या एका मुलीने ते ऐकलं आणि विचारलं, “काका, आम्ही उपाशीच का?” बरोबर होतं. ‘जेवलीस का’ केलं तर समोरचा वाडा रुसणार. ‘जेवलात का’ म्हटलं की वहिनी लग्नात पंगतीतून फिरताहेत असं वाटतं. मराठी क्रियापद स्त्री-पुरुष विचारल्याशिवाय पुढे सरकत नाही. तासाभराने वहिनीच म्हणाल्या, “आम्ही तर ‘जेवण झालं का’ असं विचारतो.” झालं. जेवण नपुंसकलिंगी आहे, हे माझ्या लेखनकारकिर्दीतलं सर्वांत उपयोगी व्याकरण.

कागदावर अखेर उरलं ते हे :

० ते ५ सेकंद. मेसची पाटी. “रविवार संध्याकाळ. मेस बंद.”

५ ते १२. कॉटखालून खोकं ओढलं जातं. बुडाला गणपती चिकटतो. “एक कुकर, एक इंडक्शन, एक सुरी. एवढंच आहे ना? पुरे.”

१२ ते १८. फोडणी. कोणी बोलत नाही.

१८ ते ३०. ओंकारचे हात. “कांदा, टोमॅटो, तांदूळ, मुगाची डाळ. मीठ, हळद, पाणी. झाकण. सात मिनिटं तुझी. पुढची वीस कुकरची. तेवढ्यात दोन पानं वाचून होतील.”

३० ते ३८. “दर शनिवारी एक पदार्थ. एका भांड्यातला, एका माणसापुरता. भांडं लवकर कसं घासायचं तेही सांगते.”

३८ ते ४५. ताट, वाफ. “जेवण झालं का?” सबस्क्राइब करायचं ते अक्षरांत, खाली.

बोलायचे शब्द एक्कावन्न. आहेराच्या पाकिटावर शोभेल असा आकडा.

त्यातले अठ्ठेचाळीस वहिनींनी तिसऱ्या खेपेला बिनचूक म्हटले. उरलेले तीन काही केल्या जमेनात. ज्या प्रश्नाने त्यांनी तीस वर्षं दारात आलेल्या प्रत्येकाचं स्वागत केलं, तोच माइकसमोर परीक्षेतल्या प्रश्नासारखा येई. अकरा वेळा झालं. ओंकार वैतागून पाणी प्यायला गेला, मोबाइल तसाच चालू राहिला. तेवढ्यात वरची ती मुलगी किल्ली मागायला दारात आली आणि वहिनी मान न वळवता म्हणाल्या, “जेवण झालं का?”

तेच आम्ही वापरलं. तिचं “नाही ओ काकू, आज रविवार ना” मात्र कापावं लागलं, कारण ते पंचेचाळिसाच्या बाहेर जात होतं. तिसरं ताट तिनेच संपवलं. घोंगडीपुढे उभं राहून, लोणचं मागून घेऊन.