चित्रकथा हमखास परत यावी, यासाठी काही सूचना

शालेय नियतकालिकाच्या संपादकांनी छायाचित्रांवर आधारित चित्रकथा मागवणारी सूचना फलकावर लावलेली आहे. ए-४ आकाराचे एकच पान, ३०० डीपीआय, मूळ फाइल, मुदत महिनाअखेरपर्यंत, एवढेच तीत म्हटले आहे. पण सूचना ही वाचण्यासाठी नसून तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवण्यासाठी असते, हे आपण जाणताच.

पहिली दक्षता छायाचित्रे काढतानाच घ्यावी. दोन्ही मित्रांचे चेहरे चौकटीच्या वरच्या कडेला टेकतील इतक्या जवळून टिपावेत, म्हणजे संवादाचा फुगा ठेवायला कपाळाखेरीज जागा उरणार नाही. डोक्यावर तृतीयांश चौकट मोकळी सोडण्याचा भित्रेपणा करू नये. शिवाय प्रश्न विचारणारा उजवीकडे आणि उत्तर देणारा डावीकडे उभा करावा. वाचक डावीकडून वाचत असल्यामुळे त्याला आधी ‘मी नाही खाल्ला’ आणि मग ‘माझा डबा कुठे गेला?’ असे वाचायला मिळते, आणि विनोद जन्माला येण्यापूर्वीच निकालात निघतो.

खरी करामत मात्र पाठवण्यात आहे. तीनशे डीपीआयचे ए-४ पान म्हणजे सुमारे २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल. आपण ते तसे तयार केले असले, तरी घाबरण्याचे कारण नाही. मेल न करता ते मेसेजिंग अ‍ॅपवरून, ‘डॉक्युमेंट’ म्हणून नव्हे तर ‘फोटो’ म्हणून धाडावे. अ‍ॅप ते आपुलकीने आक्रसून देते. समजा, लांब बाजू १६०० पिक्सेलवर आली, तर छापताना त्याच पानाला जेमतेम १३७ डीपीआय मिळतात. मोबाइलवर सारे लख्ख दिसते, त्यामुळे आपला आत्मविश्वास अबाधित राहतो. कागदावर मात्र फुग्यातल्या बारीक अक्षरांचे अनुस्वार आधी विरघळतात, मग ‘घ’ आणि ‘ध’ एकमेकांत मिसळतात. संपादकांनी फाइल मोठी करून पाठवा म्हटलेच, तर तीच आक्रसलेली फाइल ताणून ३५०८ पिक्सेलची करावी. आकडा नियमात बसतो आणि धूसरपणाही जसाच्या तसा राहतो.

एकच पान ही अट तर खुशाल मोडावी. मधोमध पिना मारलेल्या अंकाची पाने चारच्या पटीत असतात, त्यामुळे आपले दीड पान सामावण्यासाठी कोणाची तरी कविता कापावी लागते किंवा चार पाने वाढवून उरलेली अडीच कशाने तरी भरावी लागतात. (संपादकांनाही काही उद्योग हवाच.)

मुदतीबाबत एवढेच, की शेवटच्या रात्री पावणेबाराला फाइल पाठवावी आणि छायाचित्रातल्या मित्राला आपण छापून येणार असल्याचे सकाळी सांगावे. त्याने नकार दिला, तर सहाही चौकटींत तोच असल्यामुळे निर्णय घेणे संपादकांना फारसे जड जाणार नाही.