आधी यकृत, मग ब्लॅक कोहोश

"माझ्या वहिनी पन्नाशीच्या आहेत, रात्री अंगातून गरम वाफा येतात. ब्लॅक कोहोश, सेज आणि शतावरी एकत्र सुरू केलं तर चालेल का?"

ताई, एकत्र नकोच. उद्या त्रास झाला तर कशामुळे झाला, हे डॉक्टरांनाही सांगता येणार नाही.

या तिघांत ब्लॅक कोहोश या परदेशी वनस्पतीवर, पाळी जाण्याच्या काळातल्या वाफांसाठी, सर्वांत जास्त अभ्यास झालाय. औषधांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१२च्या आढाव्यात १६ चाचण्या एकत्र पाहिल्या. नुसत्या दिसायला सारख्या, औषध नसलेल्या गोळीपेक्षा ब्लॅक कोहोशचा जास्त फायदा ठरला नाही. तशा गोळीनेही अनेकींच्या वाफा कमी होतात, म्हणून 'मैत्रिणीला गुण आला' यावरून औषधाची पारख होत नाही.

मला खरी काळजी यकृताची वाटते. ब्लॅक कोहोश घेणाऱ्यांत कावीळ, क्वचित यकृत निकामी झाल्याच्याही नोंदी आहेत. ब्रिटनच्या औषध नियामकाने २००६मध्ये तसा इशारा दिला. प्रमाण कमी आहे, पण आधीच यकृताचा आजार असेल तर ती घेऊच नये. घेताना लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, भूक मेली किंवा अंगाला खाज सुटली, तर गोळी त्याच दिवशी बंद करून रक्त तपासा.

सेज या सुगंधी पाल्याच्या वनस्पतीवरचे अभ्यास छोटे आहेत. फिट येणाऱ्यांनी त्याच्या गोळ्या, अर्क टाळावेत, कारण त्यातल्या थुजोन या घटकाने झटके येऊ शकतात. शतावरीचा पुरावाही तोकडाच. मधुमेह असेल तर शतावरी कल्पातली साखर विसरू नका.

वहिनींना स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, तर यातलं काहीही कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय देऊ नका. आणि पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त दिसलं, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या.